जिल्ह्याचा दुष्काळ एका आकड्यात: महिन्याच्या पावसावरून एसपीआय कसा काढतात

ऑगस्ट संपत आला की बातम्या सुरू होतात: 'जिल्ह्यात सरासरीच्या ५४ टक्केच पाऊस'. आकडा बहुधा बरोबर असतो, पण त्यातून एक गोष्ट कळत नाही. एवढा कमी पाऊस या जिल्ह्यात दर चार वर्षांनी होतो, की चाळीस वर्षांतून एकदा? दर चार वर्षांनी होत असेल तर शेतकऱ्यानं त्याचा हिशोब पीक निवडतानाच धरलेला असतो. चाळीस वर्षांतून एकदा होत असेल तर विहिरी, चारा, टँकर, कर्ज या कशाचीच त्याला तोंड देण्याची तयारी नसते. टक्केवारी किती पाऊस पडला ते सांगते. तो किती दुर्मीळ आहे, हे सांगण्यासाठी प्रमाणित पर्जन्य निर्देशांक वापरतात. हवामानाचं काम करणारे सगळे त्याला एसपीआयच म्हणतात.

ज्यांच्या घरात कुणी सीईटी दिली आहे त्यांना हा फरक लगेच समजेल. किती गुण मिळाले हे एक आणि पर्सेंटाइल किती आला हे दुसरं. पेपर अवघड असेल तर थोड्या गुणांनाही वरचा पर्सेंटाइल मिळतो. एसपीआय यंदाच्या पावसाला त्याच जिल्ह्याच्या मागच्या तीस-चाळीस वर्षांच्या रांगेत उभं करतो आणि त्याची जागा सांगतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या थॉमस मॅकी, नोलन डोस्केन आणि जॉन क्लाइस्ट यांनी ही पद्धत १९९३ मध्ये मांडली. २००९ साली नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात जागतिक हवामान संघटनेच्या बैठकीत तज्ज्ञांनी शिफारस केली की पावसाच्या दुष्काळासाठी सगळ्या देशांनी हाच निर्देशांक वापरावा. कारण अगदी व्यावहारिक होतं. त्याला फक्त महिन्याचा पाऊस लागतो. तापमान, वारा, जमिनीतला ओलावा यांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी नसतात, पर्जन्यमापकाच्या असतात.

सारखीच तूट, वेगळा अर्थ

हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे 'सामान्य', २० ते ५९ टक्के कमी म्हणजे 'तूट' आणि ६० च्या पुढे 'मोठी तूट'. ही मोजपट्टी बीडला जी, तीच रत्नागिरीला. पण दोन्हीकडचा पाऊस एकाच स्वभावाचा नाही. कोकणात पाऊस भरपूर आणि त्या मानानं इमानी असतो. बीडमध्ये तो वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि एका वर्षी भरपूर तर पुढच्या वर्षी निम्मासुद्धा नाही.

जून ते ऑगस्टच्या पावसातला वर्षागणिक चढउतार बीडला सरासरीच्या ३५ टक्के आणि रत्नागिरीला २० टक्के आहे, असं मोजणीपुरतं धरू. दोन्हीकडे यंदा २५ टक्के तूट आली. बीडचा एसपीआय निघतो उणे ०.६६, म्हणजे एवढा किंवा याहून कमी पाऊस तिथं साधारण चार वर्षांतून एकदा होतोच. रत्नागिरीचा निघतो उणे १.३, म्हणजे तिथं ही वेळ दहा वर्षांतून एकदा येते. टक्केवारीत दोन्ही जिल्हे एकाच रकान्यात बसले होते.

हिशोब

आता एक हिशोब शेवटपर्यंत करून बघू. खाली बीडसारख्या जिल्ह्याचे आकडे आहेत, पण ते समजावण्यासाठी घेतलेले नमुन्याचे आहेत, प्रत्यक्ष नोंदी नाहीत.

आपल्याकडे ४० वर्षांच्या मासिक नोंदी आहेत. पहिला निर्णय खिडकीचा: किती महिन्यांचा पाऊस एकत्र मोजायचा? आपण ऑगस्टअखेरचा तीन महिन्यांचा एसपीआय काढतोय, म्हणून प्रत्येक वर्षाच्या जून, जुलै आणि ऑगस्टची बेरीज करायची. चाळीस वर्षांच्या चाळीस बेरजा झाल्या. समजा त्यांची सरासरी आहे ३९० मिलिमीटर. यंदा जूनमध्ये ६०, जुलैमध्ये ११० आणि ऑगस्टमध्ये ४०, असा एकूण २१० मिलिमीटर पाऊस झाला. तूट ४६ टक्के.

या चाळीस बेरजांचा आलेख काढला तर तो मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा, घंटेसारखा दिसत नाही. पाऊस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जाऊ शकतो. त्यामुळे आलेख उजवीकडे लांब शेपूट काढतो. अतिवृष्टीची दोन-चार वर्षं सरासरी वर ओढतात आणि निम्म्याहून जास्त वर्षं 'सरासरीपेक्षा कमी' दिसतात. अशा आलेखाला गॅमा नावाची वक्ररेषा चांगली बसते. तिला दोन आकडे लागतात. अल्फा तिचा आकार ठरवतो आणि बीटा तिचा पसारा. पाऊस जितका भरवशाचा, तितका अल्फा मोठा.

हे दोन आकडे काढायला विशेष काही लागत नाही. सरासरीचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा: ३९० चा येतो ५.९६६. मग चाळीस बेरजांचे वेगवेगळे लॉगरिदम काढून त्यांची सरासरी घ्यायची. आपल्या नमुन्यात ती ५.९०२ आहे असं धरू. पहिल्यातून दुसरी वजा केली की राहतात ०.०६४. पाऊस जितका लहरी तितकी ही वजाबाकी मोठी येते, त्यामुळे अल्फा थेट तिच्यावरूनच निघतो. आपला अल्फा येतो सुमारे ८. सरासरीला अल्फानं भागलं की बीटा, सुमारे ४९.

वक्ररेषा बसली. आता तिला विचारायचं, २१० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस होण्याची शक्यता किती? उत्तर येतं ०.०७२, म्हणजे शंभरातली सात वर्षं, ढोबळ मानानं चौदा वर्षांतून एकदा. माझ्या मते खरं उत्तर इथंच मिळालं. शेवटची पायरी फक्त भाषांतराची आहे: ही शक्यता घंटेच्या आकाराच्या प्रमाणित वक्ररेषेवर नेऊन ठेवायची आणि ती मध्यापासून किती अंतरावर पडते ते वाचायचं. ०.०७२ साठी ते अंतर आहे उणे १.४६. हाच आपला एसपीआय.

एक्सेलमध्ये हे सगळं पाच ओळींचं काम आहे. `B2` ते `B41` मध्ये जुन्या चाळीस बेरजा, `C` स्तंभात `LN` नं काढलेले त्यांचे लॉगरिदम आणि `B42` मध्ये यंदाची बेरीज ठेवायची.

```
E1: =LN(AVERAGE(B2:B41))-AVERAGE(C2:C41)
E2: =(1+SQRT(1+4*E1/3))/(4*E1)
E3: =AVERAGE(B2:B41)/E2
E4: =GAMMA.DIST(B42,E2,E3,TRUE)
E5: =NORM.S.INV(E4)
```

जागतिक हवामान संघटनेच्या वर्गवारीत उणे १ पर्यंत 'सामान्याच्या जवळ', उणे १ ते उणे १.४९ 'मध्यम कोरडं', उणे १.५ ते उणे १.९९ 'तीव्र कोरडं' आणि उणे २ किंवा त्याखाली 'अतितीव्र कोरडं'. आपला उणे १.४६ मध्यमच्या शेवटच्या टोकाला आहे. पण उणे १.४६ आणि उणे १.५२ यांच्यात आभाळ-जमिनीचा फरक असल्यासारखं कुणी बोललं तर ते मान्य करू नये. चाळीस वर्षांच्या नोंदींतून निघालेल्या आकड्याला दुसऱ्या दशांशाचा नेमकेपणा नसतो.

उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासायला एक सोपा उपाय आहे, आणि मी तो नेहमी करायला सांगतो. चाळीस बेरजा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायच्या. ०.०७२ गुणिले ४० म्हणजे जवळजवळ तीन. म्हणून २१० हा आकडा या रांगेत खालून तिसरा-चौथा यायला हवा. तो खालून बारावा येत असेल तर वक्ररेषा बसलेली नाही किंवा नोंदींत घाण आहे. तसंच चाळीसही वर्षांचे एसपीआय काढले तर त्यांची सरासरी शून्याच्या जवळ आणि प्रमाण विचलन एकच्या जवळ यायला हवं.

नवखी माणसं हमखास एक चूक करतात: बाराही महिन्यांच्या बेरजा एकत्र करून एकच वक्ररेषा बसवतात. मग दर उन्हाळ्यात भीषण दुष्काळ दिसतो आणि दर पावसाळ्यात ओला दुष्काळ. ऑगस्टअखेरच्या बेरजांची तुलना फक्त ऑगस्टअखेरच्याच बेरजांशी करायची. तीन महिन्यांच्या एसपीआयसाठी वर्षभरात बारा वेगळ्या वक्ररेषा लागतात, प्रत्येकीचे अल्फा आणि बीटा वेगळे.

खिडकी चुकली की दुष्काळ दिसत नाही

आपल्याच उदाहरणात पुढं जाऊ. सप्टेंबरमध्ये चांगला २३० मिलिमीटर पाऊस झाला. आता तीन महिन्यांची खिडकी सरकून जुलै ते सप्टेंबर झाली: ११०, ४० आणि २३०, बेरीज ३८०. या तीन महिन्यांची सरासरी ४१० धरली तर एसपीआय येतो उणे ०.१ च्या आसपास. ऑगस्टअखेर चौदा वर्षांतून एकदा येणारी परिस्थिती होती आणि महिन्याभरात सगळं आलबेल झालं, असं कागदावर दिसतं.

शेतात काय झालं? ऑगस्टमध्ये मूग आणि उडीद शेंगांवर होते, सोयाबीन फुलोऱ्यात होतं. त्या चार आठवड्यांत चाळीस मिलिमीटर पाऊस. सप्टेंबरच्या पावसानं पाझर तलावात पाणी आलं, रब्बीच्या ज्वारीला ओल मिळाली, पण गळालेली फुलं परत आली नाहीत. तीन महिन्यांचा एसपीआय इथं खोटं बोलला नाही. त्याला विचारलं होतं तीन महिन्यांच्या बेरजेबद्दल, त्यानं बेरजेचं उत्तर दिलं.

म्हणून खिडकी कशासाठी निवडतोय हे आधी ठरवावं लागतं. एका महिन्याचा एसपीआय पावसातला खंड टिपतो, पण एका वादळी पावसानंही तो उडी मारतो. तीन महिन्यांचा खरिपाच्या पिकाशी आणि वरच्या थरातल्या ओलीशी बऱ्यापैकी जुळतो. सहा महिन्यांचा ऑक्टोबरअखेर काढला की पूर्ण पावसाळा त्यात येतो आणि रब्बीचा अंदाज बांधता येतो. बारा आणि चोवीस महिन्यांचे धरणं, विहिरी आणि भूजल यांच्यासाठी. एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी तीन महिन्यांचा आकडा अधिक आणि बारा महिन्यांचा उणे असू शकतो. त्यात काही विसंगती नाही: शेत हिरवं असतं आणि बोअर कोरडी असते.

२०२३ चा ऑगस्ट आठवून बघा. देशभरात १९०१ नंतरचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. त्याआधीच्या जुलैनं आणि नंतरच्या सप्टेंबरनं पुष्कळ भरपाई केली, त्यामुळे हंगामाची बेरीज पाहणाऱ्याला त्या महिन्याची झळ नीट कळत नाही. राज्यानं त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर केला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाच्या निकषांमध्ये तूट किंवा एसपीआय यांच्या जोडीला पावसाचा खंड वेगळा मोजायला सांगितलं आहे. सलग तीन-चार आठवडे सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला की तो खंड. महिन्याच्या आकड्यात जे बुडून जातं ते आठवड्याच्या हिशोबात वर येतं, म्हणून ही जोडी योग्यच आहे. त्यानंतर पेरणीचं क्षेत्र, उपग्रहानं टिपलेली पिकांची हिरवाई, ओलावा, पाणीसाठा हे पाहिलं जातं आणि शेवटी गावांत जाऊन सत्यमापन होतं. एसपीआय या साखळीची पहिली कडी आहे, निकाल नव्हे.

दुष्काळ कधी सुरू झाला आणि कधी संपला हे ठरवण्यासाठीही मॅकी आणि सहकाऱ्यांनी नियम दिला होता. एसपीआय उणे १ किंवा त्याखाली गेला की दुष्काळ मानायचा, पण त्याची सुरुवात मागं जाऊन जिथून आकडा सलग उणे झाला तिथून धरायची, आणि आकडा अधिक झाला की तो संपला. आपल्या नमुन्याच्या वर्षात जूनपासून आकडे असे आले असं धरू: उणे ०.७, उणे ०.९, उणे १.५, उणे ०.१, उणे ०.३ आणि नोव्हेंबरमध्ये अधिक ०.४. दुष्काळ जून ते ऑक्टोबर, पाच महिन्यांचा. उणे आकड्यांची बेरीज ३.५, ती त्याची एकूण तीव्रता. उणे १ च्या खाली फक्त एकच महिना गेला होता, तरी दुष्काळ पाच महिन्यांचा. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर सर्वांत खोल आकड्यापेक्षा ही बेरीज मला जास्त उपयोगाची वाटते.

शून्याचा घोळ

मराठवाड्यात जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत कित्येक वर्षं एक थेंबही पडत नाही. गॅमा वक्ररेषेला शून्य चालत नाही, कारण शून्याचा लॉगरिदम निघत नाही. म्हणून शून्याची वर्षं बाजूला काढून त्यांचं प्रमाण वेगळं ठेवतात, उरलेल्या वर्षांवर वक्ररेषा बसवतात आणि मग दोन्ही जोडतात:

```
H = q + (1 - q) * G
```

`q` म्हणजे शून्य पावसाच्या वर्षांचं प्रमाण आणि `G` म्हणजे गॅमानं दिलेली शक्यता. आता समजा शंभरातल्या साठ वर्षांत जानेवारी कोरडा जातो. यंदाही तो कोरडाच गेला. मग `H` झालं ०.६ आणि एसपीआय निघाला अधिक ०.२५. थेंब पडला नाही आणि निर्देशांक म्हणतो, थोडं ओलसर आहे! उलट दहा मिलिमीटरची एक अवकाळी सर आली की तोच आकडा दीड-दोनच्या पुढं जाऊ शकतो. गणित चुकलेलं नसतं, प्रश्नच निरर्थक असतो. ज्या महिन्यात पाऊस अपेक्षितच नाही त्याची टंचाई मोजता येत नाही. म्हणून आपल्याकडे डिसेंबर ते मे या काळात एक आणि तीन महिन्यांचे एसपीआय नकाशावर रंगवूच नयेत. सहा किंवा बारा महिन्यांचे दाखवावेत.

नोंदींमध्ये काय दडलेलं असतं

गणितापेक्षा जास्त वेळ नोंदी साफ करण्यात जातो, आणि तसाच जायला हवा. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे न घेतलेल्या नोंदीच्या जागी शून्य. पर्जन्यमापक बिघडला, वाचणारा कर्मचारी बदलून गेला, महिनाभर नोंद झाली नाही. पुढं कुणीतरी तक्ता भरताना रिकाम्या घरात शून्य टाकलं. जुलैमध्ये एका तालुक्यात शून्य आणि चारही शेजारच्या तालुक्यांत शंभराच्या पुढं असं दिसलं की ते शून्य खरं नाही हे समजावं. असं एक खोटं शून्य जुन्या नोंदींत असेल तर त्या वर्षाची बेरीज खोटीच लहान होते, वक्ररेषेची डावी बाजू पसरते आणि मग खऱ्या दुष्काळाचा एसपीआय सौम्य दिसतो. उलट काही संचांत न मिळालेली नोंद उणे ९९९ अशी लिहिलेली असते. ती बेरजेत गेली तर निदान लगेच लक्षात तरी येतं.

जुन्या नोंदी इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात आहेत. त्या मिलिमीटरमध्ये आणताना एखादं वर्ष सुटलं तर ते वर्ष पंचवीसपट कोरडं दिसतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: जिल्हाच बदललेला असतो. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा झाला, त्याआधी १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना, आणि १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली. 'उस्मानाबाद जिल्हा' या नावाखाली १९८२ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका स्तंभात जोडले, तर अर्धी मालिका एका भूभागाची आणि अर्धी दुसऱ्याची होते. लातूरकडचा भाग जास्त पावसाचा. तो निघून गेल्यामुळे उरलेल्या जिल्ह्याचा पाऊस घटल्यासारखा दिसेल आणि नंतरच्या प्रत्येक वर्षाचा एसपीआय असेल त्यापेक्षा उणे येईल. उपाय एकच: आजच्या सीमेत येणारी केंद्रं निवडायची आणि त्यांच्याच नोंदी मागं नेऊन जिल्ह्याची सरासरी नव्यानं काढायची. पुण्याच्या हवामान विभागानं तयार केलेला, १९०१ पासूनचा, अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींचा पाऊसही यासाठी वापरता येतो. त्यात जिल्ह्याची सीमा हवी तशी आखता येते.

तशीच अडचण केंद्रांच्या संख्येची. पूर्वी तालुक्याला एक पर्जन्यमापक असायचा, आता महसूल मंडळानुसार स्वयंचलित केंद्रं आहेत. जुन्या अकरा केंद्रांची सरासरी आणि नव्या पन्नास-साठ केंद्रांची सरासरी एकमेकींना जोडता येत नाहीत. नवी केंद्रं डोंगराळ भागात जास्त लागली असतील तर जिल्ह्याचा पाऊस कागदावर अचानक वाढेल. एसपीआयसाठी जुनीच केंद्रं पुढं चालू ठेवावीत, नवी मंडळनिहाय केंद्रं खंड पाहायला वापरावीत. त्यांच्या नोंदी तीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्यावर एसपीआय काढू नये.

तीस वर्षं ही किमान अट आहे, आणि तेवढ्यावरही टोकाच्या आकड्यांचा भरवसा कमी. उणे २ ची परिस्थिती हिशोबानं चव्वेचाळीस वर्षांतून एकदा येते. तीस वर्षांच्या नोंदींत ती एकदाही आलेली नसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. अशा मालिकेतून उणे ३ निघाला तर तो अनुभवातून आलेला नसतो. वक्ररेषेचं शेपूट पुढं ओढून काढलेला तो अंदाज असतो. 'फार दुर्मीळ' एवढंच त्याचं वाचन करावं, 'सातशे वर्षांतून एकदा' असं कधीही म्हणू नये.

कुठल्या प्रश्नाला हा आकडा लावू नये

एसपीआयचा एक गुण त्याची मर्यादाही आहे. तो प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी ताडतो, त्यामुळे उणे १ च्या खाली जाणारी वर्षं सगळीकडे साधारण सारखीच निघतात: सहा-सात वर्षांतून एक. बीडला तेवढीच, महाबळेश्वरला तेवढीच. म्हणून 'कोणता जिल्हा जास्त दुष्काळप्रवण' हे एसपीआयची वर्षं मोजून ठरवू गेलं तर सगळे जिल्हे सारखेच दिसतील. यंदा आपल्या नेहमीच्या स्थितीपासून कोण किती घसरला, एवढंच तो सांगतो. त्याला तापमानही कळत नाही. चाळीस अंशाच्या उन्हात उडून गेलेलं पाणी त्याच्या हिशोबात नाही. तसंच एका रात्रीत दोनशे मिलिमीटर कोसळून वाहून गेले काय आणि महिनाभर रिपरिप पडून मुरले काय, त्याच्या दृष्टीनं ते सारखंच.

आणि जिल्ह्याची सीमा पाण्याला माहीत नसते. हे लातूरनं दाखवून दिलं. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत मराठवाड्यात सुमारे चाळीस टक्क्यांची तूट होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूर शहराचं पाणी मांजरा धरणातून येतं. ते धरण बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला आहे, आणि मांजरा नदी उगम पावते पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. म्हणजे लातूर शहराच्या नळाला पाणी येईल का, याचा अंदाज लातूर जिल्ह्याच्या तीन महिन्यांच्या एसपीआयमधून निघत नाही. त्यासाठी पाटोदा, बीड, केज या धरणाच्या वरच्या अंगाच्या केंद्रांची बेरीज घ्यावी लागते आणि खिडकी ठेवावी लागते बारा किंवा चोवीस महिन्यांची. चोवीस महिन्यांच्या खिडकीत लागोपाठचे दोन वाईट पावसाळे एकत्र येतात, आणि धरणाच्या तळातही ते एकत्रच आलेले असतात. हा आकडा ऑक्टोबर २०१५ मध्ये काढता येण्यासारखा होता, पाण्याची रेल्वे सुटण्याच्या सहा महिने आधी. त्यासाठी लागणारा पाऊस तोवर सगळा पडून, मोजून, लिहून झालेला होता.